शुगर उतरत नाही, वर मळमळतंय: टाइप वनमध्ये कीटोन कधी तपासायचे आणि आकडा वाढला तर काय समजायचं

तक्रार कशी येते

"ताई, सकाळपासून शुगर तीनशेच्या खाली यायलाच तयार नाही. इन्सुलिन दिलं तरी."

मी टाइप वन डायबेटिसच्या मुलांच्या क्लिनिकमध्ये एज्युकेटर आहे. फोनची सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते. त्यापुढचं मला विचारून काढावं लागतं. पोट दुखतंय का? हो, थोडं. उलटी? एकदा झाली, पण ती बाहेरचं खाल्लं म्हणून. तहान, लघवी? रात्रभर उठत होता. तोंडाला वास? हो, जास्त पिकलेल्या फळासारखा, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. घरच्यांना या पाच वेगवेगळ्या तक्रारी वाटतात: पोट बिघडलंय, उन्हाचा त्रास झालाय, अंगात कणकण आहे आणि त्यात शुगरही वाढलीय. बऱ्याचदा मूळ एकच असतं. शरीराला इन्सुलिन कमी पडलंय आणि रक्तात कीटोन साठायला लागलेत.

याचा दुसरा प्रकार जास्त फसवा. शुगर १८०-२०० आहे, म्हणजे घरच्यांच्या मते "कंट्रोलमध्ये", पण मूल निपचित पडलंय आणि पोटात पाणीसुद्धा ठरत नाही. इथे शुगरकडे बघून सगळे निर्धास्त राहतात आणि कीटोन तपासायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

आधी हे बघा. यातलं काही असेल तर पुढचं वाचत बसू नका

श्वास खोल आणि भरभर चाललाय, धावून आल्यासारखा. मूल गुंगीत आहे, हाक मारली तर नीट उत्तर देत नाही. उलट्या थांबत नाहीत, घोटभर पाणीही बाहेर पडतंय. पोट इतकं दुखतंय की हात लावू देत नाही. यापैकी एकही गोष्ट दिसली तर स्ट्रिप शोधण्यात वेळ घालवू नका, थेट आयसीयूची सोय असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा. हा खोल श्वास दम्याचा समजून नेब्युलायझर दिलेली मुलं मी पाहिली आहेत. रक्त आम्लधर्मी झालं की शरीर ते आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं, म्हणून श्वास तसा होतो. छाती साफ असते.

यातलं काहीच नसेल तर खालच्या क्रमाने जा. फुकटच्या गोष्टी आधी आहेत, खर्चाच्या नंतर.

शुगर दिसत असताना कीटोन कशाला?

हे एकदा समजलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. इन्सुलिनची आपल्याला माहीत असलेली कामगिरी म्हणजे साखर पेशींत पोचवणं. त्याला बऱ्यापैकी इन्सुलिन लागतं. दुसरं काम म्हणजे अंगातली चरबी विरघळू न देणं, आणि त्याला अगदी थोडं इन्सुलिन पुरतं. म्हणून शुगर वाढली, पण कीटोन नाहीत, तर इन्सुलिन अपुरं आहे, तरी अंगात आहे. जास्त खाल्लं गेलं असेल, डोस थोडा कमी पडला असेल. पण कीटोनही वाढायला लागले याचा अर्थ ते थोडंसं इन्सुलिनसुद्धा उरलेलं नाही. मग चरबी सुटते, लिव्हर तिचे कीटोन बनवतं, आणि कीटोन आम्लधर्मी असतात. ते साठत गेले की डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस होतो, त्यालाच डॉक्टर 'डीकेए' म्हणतात.

थोडक्यात, ३२० शुगर आणि ०.२ कीटोन ही एक गोष्ट. ३२० शुगर आणि २.२ कीटोन ही पूर्ण वेगळी गोष्ट. शुगरचा मीटर हा फरक दाखवूच शकत नाही. दंडावरचा सेन्सरही नाही.

कधी तपासायचे

शुगर २५०च्या वर आहे, ती उतरवायला करेक्शनचा डोस दिला, दोन-तीन तासांनी बघितलं तरी २५०च्या वरच, तर कीटोन तपासा. पंप वापरणाऱ्यांनी पहिल्याच अनपेक्षित २५०ला तपासा, कारण पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. नळी अडली की तीन-चार तासांत अंगातलं इन्सुलिन संपतं. चोवीस तास चालणारं बेसल इन्सुलिन टोचून घेणाऱ्याला जो थोडा आधार असतो, तो इथे नसतो.

ताप, जुलाब, उलटी, कुठलाही संसर्ग असेल तर शुगर कितीही असो, तपासा. आजारपणात शरीर इन्सुलिनला विरोध करणारे हार्मोन सोडतं. एरवी पुरणारा डोस तेव्हा पुरत नाही. उलटीचा तर मी एकच नियम सांगते: टाइप वनमध्ये उलटी झाली की कीटोन बघितल्याशिवाय ती 'पित्ताची उलटी' म्हणायची नाही.

गरोदर असाल तर आणखी लवकर, शुगर २००च्या आसपास गेली तरी तपासा. गरोदरपणात कीटोन कमी शुगरवरही झपाट्याने चढतात. आणि कोणी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन गटातली गोळी देत असेल तर शुगरचा आकडा बाजूलाच ठेवा. ही गोळी साखर लघवीवाटे काढून टाकते. त्यामुळे शुगर चांगली दिसते आणि आत कीटोन वाढत राहतात. बरं वाटत नसेल तर त्या दिवशी गोळी बंद, आणि कीटोन तपासायचे.

पहिली तपासणी: हात धुवा आणि शुगर पुन्हा बघा

हे ऐकून लोक हसतात. पण मे महिन्यात आंबा खाल्लेल्या, नाहीतर गूळ हाताळलेल्या बोटातून काढलेली शुगर सहज शंभर-दीडशेने जास्त येऊ शकते. साबणाने हात धुवा, नीट कोरडे करा, दुसऱ्या बोटातून घ्या. सेन्सर असेल तरीही बोटातून एकदा पडताळा करा, कारण पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावर आहेत. शिवाय कीटोनची एक स्ट्रिप शुगरच्या स्ट्रिपपेक्षा कितीतरी महाग असते, ती बोटाला लागलेल्या आंब्यापायी वाया घालवू नका.

दुसरी: गेल्या चोवीस तासांत नेमकं कोणतं इन्सुलिन गेलं?

हाही फुकटचा प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त घोळ इथेच सापडतो. "इन्सुलिन दिलं ना?" असं विचारलं तर उत्तर हमखास "हो". म्हणून मी तसं विचारत नाही. काल रात्रीचं बेसल किती वाजता दिलं, किती युनिट, कोणी टोचलं, असं विचारते. मग फोनवर थोडी शांतता होते. आई म्हणते बाबांनी दिलं, बाबा म्हणतात मला वाटलं तिने दिलं.

दुसरं नेहमीचं उत्तर: "जेवलाच नाही, म्हणून इन्सुलिन दिलं नाही." जेवणाचं जलद इन्सुलिन न जेवल्यास कमी होऊ शकतं, हे बरोबर. पण चोवीस तास चालणारं बेसल जेवणासाठी नसतंच, ते वर सांगितलेल्या दुसऱ्या कामासाठी असतं. पोटात अन्न नसतानाही चरबी धरून ठेवायला ते लागतंच. आजारी मुलाचं बेसल पूर्ण बंद करणं हा डीकेएकडे जाणारा सगळ्यात सरळ रस्ता आहे. डोस थोडा कमी करायचा असेल तर तो डॉक्टरांना विचारून.

तिसरी: लघवीची स्ट्रिप

बहुतेक मेडिकलमध्ये मिळते, स्वस्त आहे, काहीच नसल्यापेक्षा नक्कीच बरी. लघवीत बुडवायची, डबीवर लिहिलेल्या सेकंदांनी रंग बघायचा. जितका गडद जांभळा, तितके कीटोन जास्त.

पण हिच्या मर्यादा माहीत असल्या पाहिजेत. ती तुम्हाला आत्ताचं नाही, गेल्या काही तासांत मूत्राशयात जमलेलं दाखवते. त्यामुळे कीटोन नुकतेच चढत असतील तर रंग फिका येतो. आणि उतरत असतील तर उलटी गंमत होते. रक्तातला मुख्य कीटोन म्हणजे बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट. तो लघवीच्या स्ट्रिपला दिसत नाही. तिला त्याचा भाऊबंद, अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, तेवढा दिसतो. इन्सुलिन लागू पडलं की पहिला दुसऱ्यात बदलतो, आणि मूल सुधारत असताना स्ट्रिप मात्र आधीपेक्षा गडद होते. घाबरून जास्तीचं इन्सुलिन दिल्याने मध्यरात्री शुगर ५० पर्यंत घसरल्याचं मी याच कारणाने ऐकलंय.

डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवा. उघडल्यावर ती काही महिन्यांतच निकामी होते, दमट हवेत त्याहून लवकर. कोकणात पावसाळाभर बाथरूमच्या कपाटात राहिलेली डबी सगळ्यांनाच "कीटोन नाहीत" म्हणते.

चौथी: रक्तातले कीटोन

त्यासाठी कीटोनही मोजणारा मीटर आणि त्याच्या वेगळ्या स्ट्रिप लागतात. शुगरची स्ट्रिप चालत नाही. बहुधा प्रत्येक स्ट्रिप स्वतंत्र पाकिटात येते, वापरायच्या क्षणीच फोडा. रक्ताचा थेंब शुगरपेक्षा मोठा लागतो. लहान थेंब दिला की मीटर एरर दाखवतो आणि स्ट्रिप गेली. म्हणून हात कोमट पाण्यात धुवून, बोट तळापासून टोकाकडे हलकं चोळून मग टोचा. तळहाताची बाजू खाली ठेवली की थेंब चांगला भरतो. दहा-एक सेकंदांत आकडा येतो. एक्स्पायरी बघून घ्या. महाग म्हणून घरात जपून ठेवलेल्या स्ट्रिप नेमक्या त्याच कारणाने कालबाह्य होतात.

आता एककाकडे लक्ष द्या. आपल्याकडे शुगर `mg/dL` मध्ये दिसते, कीटोन `mmol/L` मध्ये. शुगरचे शेकड्यातले आकडे बघायची सवय लागलेल्या डोळ्यांना कीटोनचा आकडा किरकोळ वाटतो. एका वडिलांनी मला ३.२ सांगून वर "तीनच आहे ना" असं म्हटलं होतं. ३.२ हा कॅज्युअल्टीचा आकडा आहे.

आकडे असे वाचायचे:

- ०.६ पेक्षा कमी: ठीक. शुगर जास्त असेल तर नेहमीचं करेक्शन द्या. आजारपण असेल तर काही तासांनी पुन्हा बघा.
- ०.६ ते १.५: इन्सुलिन कमी पडायला लागलंय. घरीच आवरता येतं, पण आत्ता. डॉक्टरांनी आजारपणासाठी लिहून दिलेला जादा डोस, भरपूर पाणी, आणि दोन तासांनी शुगर व कीटोन दोन्ही.
- १.५ ते ३.०: डीकेए होण्याची शक्यता खरी आहे. जादा डोस द्या आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन करा. दोन तासांनी उतरले नाहीत तर हॉस्पिटल.
- ३.० आणि वर: हॉस्पिटल. शुगर कितीही असो, मूल बसून टीव्ही बघत असलं तरी.

हे पट्टे कडक भिंती नाहीत. १.४ आणि दोनदा उलटी झालेलं मूल मला १.८ वर असलेल्या, पाणी पिणाऱ्या, बोलणाऱ्या मुलापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. आणि एका आकड्यापेक्षा दिशा महत्त्वाची. ०.७ वरून दोन तासांत १.३ झालं असेल तर पट्टा तोच राहिला म्हणून गप्प बसू नका.

पाचवी: इन्सुलिन गेलं, पण लागू का पडत नाही?

डोस दिलेला आहे, आकडे मात्र चढतायत, अशा वेळी इन्सुलिनवरच संशय घ्या.

आधी सिरिंज बघा. आपल्याकडे साध्या इन्सुलिनची बाटली ४० युनिट प्रति मिलीची असते, तिला लाल टोपीची सिरिंज. पेनची काडतुसं आणि काही बाटल्या १०० युनिटच्या असतात, त्या बाटल्यांना नारिंगी टोपीची. मेडिकलवाल्याने लाल संपल्या म्हणून नारिंगी दिल्या आणि ४०च्या बाटलीतून त्यांनी भरायला सुरुवात केली, तर १० च्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात प्रत्यक्षात ४ युनिट असतात. मूल नेमाने टोचून घेतंय, वहीत डोस बरोबर लिहिलाय, आणि अंगात जातंय निम्म्याहूनही कमी. कीटोन न येतील तर नवल. उलटी चूक, म्हणजे १००च्या बाटलीला लाल सिरिंज, याहून धोक्याची, कारण अडीचपट इन्सुलिन जाऊन शुगर एकदम खाली येते.

मग बाटली किंवा पेन. पारदर्शक इन्सुलिन गढूळ झालंय, दुधाळ इन्सुलिनचे कण काचेला चिकटलेत, तर फेकून द्या. पण बिघडलेलं इन्सुलिन पुष्कळदा चांगलंच दिसतं, त्यामुळे ते कुठे ठेवलं होतं हे विचारा. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात मोटरसायकलच्या डिकीतून दुपारी आणलेली बाटली, किंवा फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठून परत वितळलेली बाटली, दोन्ही बाद. फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्याचा उपाय चांगला आहे: मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत इन्सुलिन, सगळं सावलीत. शंका आली की वाद न घालता नवी बाटली उघडा.

टोचायची जागाही चाचपा. मुलं जिथे दुखत नाही तिथेच रोज टोचतात, आणि तिथे दुखत नाही कारण तिथे गाठ झालेली असते. गाठीतून इन्सुलिन मनाला येईल तसं शोषलं जातं. जादा डोस कधी गाठीत देऊ नका. पेन असेल तर नवी सुई लावा, दोन युनिट हवेत सोडून थेंब येतो का बघा, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढा.

पंपवाल्यांसाठी नियम सरळ आहे. शुगर जास्त आणि कीटोन ०.६ किंवा वर असतील तर जादा डोस पंपातून द्यायचा नाही, पेनने किंवा सिरिंजने द्यायचा, आणि मग सेट बदलायचा. कॅन्युला, म्हणजे त्वचेखालची बारीक नळी, आत दुमडली असेल तर पंप "डोस दिला" असं बिनदिक्कत दाखवतो. म्हणून पंप असलेल्यांच्या घरी एक चालू पेन असायलाच हवं.

एका रात्रीचा हिशोब

बारा वर्षांची मुलगी, वजन ३६ किलो. रोजचं एकूण इन्सुलिन ३२ युनिट: रात्रीचं बेसल, म्हणजे ग्लार्जिन, १४ आणि तीन जेवणांना ६-६ जलद. संध्याकाळी सातला आईचा फोन. शुगर ३१८, पोट दुखतंय, एक उलटी. हात धुवून पुन्हा बघितली, ३०९. आदल्या रात्रीचं विचारल्यावर कळलं की लग्नाहून उशिरा परतले, मुलगी गाडीतच झोपली, न जेवता. म्हणून ग्लार्जिन राहिलं. दिवसभर जेवणाचे डोस गेले होते, त्यामुळे शुगर दर वेळी थोडी उतरून पुन्हा चढत होती, आणि घरच्यांना वाटत होतं लग्नातल्या जिलेबीचा परिणाम आहे.

रक्तातले कीटोन १.८. श्वास नीट, मुलगी बोलतेय, उलटीनंतर घेतलेलं पाणी पोटात राहिलंय. म्हणजे घरी प्रयत्न करायला हरकत नाही, पण डॉक्टर फोनवर हवेत. या पट्ट्यात जादा जलद इन्सुलिन साधारणपणे दिवसाच्या एकूण डोसच्या १० ते २० टक्के देतात, म्हणजे हिच्यासाठी ३ ते ६ युनिट. डॉक्टरांनी ५ सांगितले, शिवाय राहिलेलं ग्लार्जिन रात्रीची वाट न बघता लगेच पूर्ण द्यायला सांगितलं. नवीन पेन, मांडीवर गाठ नसलेली जागा. शुगर जास्त होती तोवर साधं पाणी आणि मीठ घातलेलं पातळ ताक, दर पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. एकदम ग्लासभर दिलं की उलटून पडतं.

नऊ वाजता शुगर २५१, कीटोन १.१. दिशा बरोबर. इथे बहुतेक घरं चुकीच्या बाजूला वळतात: शुगर उतरली, आता इन्सुलिन नको. पण कीटोन अजून आहेत, म्हणजे इन्सुलिन अजून हवं. पण नुसतं दिलं तर शुगर फार खाली जाईल. म्हणून डॉक्टरांनी आणखी ३ युनिट सांगितले, आणि सोबत वाटीभर तांदळाची पेज, मीठ आणि चमचाभर साखर घालून. साखर आणि इन्सुलिन एकत्र देणं घरच्यांना वेडेपणा वाटतो. इन्सुलिन चरबीचं विरघळणं थांबवतं, आणि शुगर खाली न जाता ते देता यावं म्हणून पेज.

अकराला शुगर १८८, कीटोन ०.५. जादा डोस थांबवले. दोनला गजर लावून बघितलं, शुगर १६२, कीटोन ०.२.

हे युनिट तिचे आहेत, तुमच्या मुलाला ते लागू नाहीत. तुमच्या डॉक्टरांकडून आजारपणाचे डोस आधीच कागदावर लिहून घ्या. रात्री अकराला फोन न लागण्याची वेळ येतेच.

आणखी एक. त्या संध्याकाळी मुलीच्या काकांनी सुचवलं होतं की शुगर जास्त आहे तर तिला जरा पळवून आणू. कीटोन असताना व्यायाम नको. इन्सुलिन नसताना स्नायूंना साखर मिळत नाही, ते चरबीच मागतात, आणि शुगर व कीटोन दोन्ही वाढतात.

शुगर कमी, कीटोन मात्र आहेत

शुगर ९०, कीटोन ०.९, मूल सकाळपासून काही खात नाहीये. किंवा एकादशीचा कडक उपवास. हे बऱ्याचदा उपाशीपणाचे कीटोन असतात. इथे जादा इन्सुलिन आधी देऊ नका. आधी साखर घातलेली पेज, ओआरएस किंवा सरबत द्या, शुगर वर येऊ द्या, मग त्यावर लागेल तेवढं इन्सुलिन. बेसल मात्र चालूच. दीड-दोन तासांत कीटोन उतरायला हवेत. खाणं पोटात राहत नसेल, किंवा खाऊनही आकडा चढत असेल, तर ते नुसतं उपाशीपण नाही.

माझ्या ओळखीतला एक कॉलेजचा मुलगा याच फेऱ्यात सापडला. दोन दिवस जुलाब, जेवण बंद, "शुगर वाढत नाहीये" म्हणून बेसल निम्मं. शुगर २०४, कीटोन ३.४. एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत शुगर बघून त्याला पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी सोडत होते. त्याच्या आईने मीटर पुढे केला आणि रक्ताची तपासणी मागितली. ब्लड गॅसमध्ये, म्हणजे रक्त किती आम्लधर्मी झालंय ते दाखवणाऱ्या तपासणीत, पीएच ७.२ निघालं. ७.३च्या खाली म्हणजे डीकेए, आणि त्याला शुगर चारशे-पाचशे असावी लागत नाही.

इथे थांबा

कीटोन ३.० किंवा वर. कीटोन १.५च्या वर आणि जादा डोसनंतर दोन तासांत उतरले नाहीत. त्याखाली असले, तरी दोन जादा डोस, चार तास झाले आणि कीटोन तसेच. दोनपेक्षा जास्त उलट्या. शुगर ७०च्या खाली आणि तोंडाने काही ठरत नाही. मूल पाच वर्षांहून लहान, किंवा रुग्ण गरोदर, आणि कीटोन १.५च्या वर. कीटोन मोजायला काहीच नाही, शुगर २५०च्या वर आणि उलटी. यातल्या कशातही घरचे प्रयोग संपले.

घरी आणखी इन्सुलिन देऊन का भागत नाही, तर दोन कारणांनी. डीकेएमध्ये अंगातलं पोटॅशियम लघवीवाटे गेलेलं असतं, आणि इन्सुलिन दिलं की रक्तात उरलेलं पेशींत शिरतं. ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून हॉस्पिटलमध्ये आधी पोटॅशियम बघतात, मग इन्सुलिनचं ड्रिप लावतात. दुसरं, लहान मुलांत मेंदूला सूज येण्याचा धोका असतो, म्हणून सलाईन हिशोबाने देतात आणि मुलावर तासातासाला लक्ष ठेवतात. गल्लीतल्या दवाखान्यात एक बाटली चढवून घरी येणं यात बसत नाही.

निघताना बेसल चालू ठेवा, पंप असेल तर काढू नका, सुटी सिरिंज आणि इन्सुलिन बरोबर घ्या. एका कागदावर वेळेसह लिहा: शेवटच्या चार शुगर, कीटोनचे सगळे आकडे, कोणतं इन्सुलिन कधी आणि किती, उलट्या किती, शेवटची लघवी कधी. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात "टाइप वन डायबेटिस, कीटोन इतके". आणि काउंटरवर विचारलं काय होतंय, तर "उलट्या होतायत" असं सांगू नका. तो कागद पुढे करा आणि ब्लड गॅस व पोटॅशियम तपासायला सांगा.